टॉवरसाठी जागा, आगाऊ ३० लाख आणि आधी भरायचे ३६ हजार

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमची दीड एकर जमीन आहे. उपग्रह सर्वेक्षणात आमचा गट मोबाइल टॉवरसाठी पास झाला असा वडिलांना फोन आला. ३० लाख आगाऊ, महिना ३५ हजार भाडं आणि घरातल्या एकाला नोकरी देणार म्हणतात. नोंदणीचे १,८५० आणि कराराच्या स्टॅम्पचे १२,५०० भरले. आता कराचे ३६ हजार मागतायत. पत्रावर ट्रायचा शिक्का आहे आणि त्यांना आमचा गट नंबरही माहीत होता. भरावेत का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. हे बाकीचं नंतर वाचा, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर, म्हणजे बँकेचे व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकले नसतील तर ते तिथेच रोखता येतात, म्हणून उद्यावर ढकलू नका. मग cybercrime.gov.in वर रीतसर तक्रार करा आणि तिचा क्रमांक तुमच्या बँकेत लेखी द्या.

आता पत्राबद्दल. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. ते किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कुणाची जागा भाड्याने घेत नाहीत, भाडं देत नाहीत, त्यासाठी कसलं शुल्कही घेत नाहीत. ट्राय टॉवरचं ना हरकत पत्रही देत नाही. हे ट्रायने स्वतः जाहीर सूचना काढून सांगितलेलं आहे. म्हणजे शिक्का जितका ठळक, तितकं पत्र खोटं.

गट नंबर माहीत असण्यात काही विशेष नाही. महाभूलेखवर गाव निवडलं की कुणाचाही सातबारा दिसतो. फोन करणारा तो समोर उघडूनच बोलत असतो, आणि वडीलधाऱ्यांचा विश्वास बसतो तो नेमका इथेच.

खरा टॉवर कसा येतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. नेटवर्क कुठे कमी पडतंय हे मोबाइल कंपनीच्या अभियंत्यांना आधीच ठाऊक असतं. ते नकाशावर एक छोटं वर्तुळ आखतात. त्या वर्तुळात बसणाऱ्या जागा बघायला टॉवर कंपनीचा माणूस प्रत्यक्ष येतो, अक्षांश-रेखांश घेतो, रस्ता आणि वीज कुठून येईल ते बघतो, शेजारच्या दोन-तीन मालकांशीही बोलतो. जागा पसंत पडली तर वकील सातबारा, आठ-अ, फेरफार तपासतो. मग भाड्यावर घासाघीस होते. शिवारात पाय न ठेवता 'पास' झालेली जमीन मी तरी पाहिलेली नाही. नोकरीचं आमिष तर निव्वळ फोडणी आहे.

पैशांचा हिशोबही लावून बघा. तुम्हाला ३० लाख देणाऱ्याला त्यातून ३६ हजार कापून २९ लाख ६४ हजार पाठवायला काय अडचण आहे? भाड्यावरचा टीडीएस असाच असतो : देणारा कापतो, सरकारजमा करतो आणि उरलेली रक्कम आपल्याला देतो. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या खात्यात कर भरायचा, असा नियम कुठेच नाही. मुद्रांक शुल्काचंही तेच. ते ग्रास चलनाने शासनाकडे जातं आणि करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो. तुमचे १२,५०० कुणाच्या नावावर गेले ते एकदा बघा. बहुतेक एखाद्या व्यक्तीचं किंवा कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'चं खातं निघेल.

वडिलांनी त्यांना फोनवर एवढंच म्हणून बघायला हरकत नाही : "साहेब, आगाऊतून कापून घ्या." उत्तर ठरलेलं असतं, 'सिस्टीममध्ये तशी सोय नाही' किंवा 'आज भरले नाहीत तर फाइल शेजारच्या गटाला जाईल'. ३६ हजार भरले असते तर पुढे विमा, मग साहित्याची वाहतूक असं निघत गेलं असतं. प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी' असते आणि आधीच्या रकमेपेक्षा मोठी असते, कारण अडकलेला पैसा सोडवायला माणूस आणखी भरतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

कागदपत्रं गेली असतील तर सातबाऱ्याची काळजी करू नका, त्यावरून जमीन कुणाच्या नावावर होत नाही. आधार दिलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करून टाका. पासबुक किंवा कोरा चेक पाठवला असेल तर बँकेला कळवा, चेकचं पेमेंट थांबवा. खात्यात अनोळखी रक्कम आली तर ती कुणाच्या सांगण्यावरून पुढे पाठवू नका. चोरीचे पैसे फिरवायला अशी खाती वापरतात, आणि मग गोठतं ते आपलं खातं.

त्यांचे नंबर ब्लॉक करण्याआधी कॉलची यादी, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ते पत्र यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला तेच लागतात.

आणि काही आठवड्यांनी दुसराच कुणी 'सायबर सेल'मधून बोलतोय म्हणून फोन करेल, तुमचे १४,३५० मंजूर झालेत, फक्त प्रक्रिया शुल्क भरा म्हणेल. तो बहुतेक याच टोळीचा, नाहीतर यांच्याकडून यादी विकत घेतलेला. वडिलांना हे आजच सांगून ठेवा.