रजेचा मजकूर एकच ठेव, सूर बदल

अगं पोरी,

आज सकाळी तलावपाळीवर तू मोबाईल पुढे केलास आणि म्हणालीस, "काका, आई म्हणतेय ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मोतीबिंदू महिनाभर थांबू शकतो हे मलाही कळतं. पण तो थांबतोय तो तू काल रात्री साहेबांना पाठवलेल्या चार ओळींमुळे, आणि हे मला सहन होत नाही. बोलताना मी चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

तू साहेबांना लिहिलंस ते असं: "सर, त्रास देतेय, सॉरी. आईची तब्येत जरा बरी नाहीये. शक्य असेल तर गुरुवारी आणि जमल्यास शुक्रवारी रजा मिळाली असती तर बरं झालं असतं. काही अडचण असेल तर मी मॅनेज करेन." साहेबांचं उत्तर आलं: "बघू. 20 तारीख आहे." मग तोच मेसेज तू शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला पुढे ढकललास, त्या "सर"सकट. तिने उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि तुला वाईट वाटलं. तिने तरी दुसरं काय करायचं होतं? तिच्यासाठी त्यात एक अक्षर नव्हतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मजकूर एकच ठेव, सूर बदल. तू नेमकं उलटं केलंस. सूर दोघांसाठी एकच ठेवलास आणि मजकूर दोघांपासून लपवलास. ऑपरेशन हा शब्द एकातही नाही. 18 आणि 19 या तारखा नाहीत. दुसरा दिवस कशासाठी हवा, ते नाही. पट्टी काढायला आणि तपासायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं, हे तू मला लगेच सांगितलंस. मग त्यांना का नाही?

आधी साहेबांचं बघू. तू म्हणतेस ते कडक आहेत. असतील. पण ते कशाला घाबरतात ते ध्यानात घे. जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, थ्री-बी, 20 तारखेला गेलं नाही तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, वर कर थकला तर वर्षाला 18 टक्के व्याज. ज्या धंदेवाल्याचं विवरणपत्र तुम्ही भरता ती पार्टी ते तुझ्याकडे मागत नाही, साहेबांना ऐकवते. त्यामुळे रजा म्हटलं की त्यांच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो "हिच्या पार्ट्या कोण बघणार?" हा. तुझ्या मेसेजमध्ये त्याचं उत्तर होतं, "मी मॅनेज करेन". म्हणजे तूच आईला सोडून येशील असंच त्यांना वाचता आलं. त्यांनी नकार दिलाच नाही गं. तू दिलेली सवलत त्यांनी घेतली.

आता क्रियापदाकडे बघ, कारण आपल्या भाषेत सगळा सूर तिथे बसलेला असतो. "रजा घेतेय" म्हणजे ठरवून कळवणं. मैत्रिणीला ते चालतं, साहेबांना टोचतं, कारण मंजुरी त्यांच्या हातात आहे. "रजा मिळेल का?" हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला "नाही" हे उत्तर सहज येतं. "मिळाली असती तर बरं झालं असतं" हे तर घडून न गेलेल्या गोष्टीचं रूप आहे. ते लिहिताना तू स्वतःच रजा नाकारून टाकलीस. कडक माणसासाठी दोनच रूपं कामाची: "मला 18 आणि 19 रजा हवी आहे" किंवा "रजा मिळावी". या "मिळावी"त मान आहे आणि मागणीही पूर्ण आहे. "रजा मिळावी ही नम्र विनंती" असा शाळेतला अर्ज नको, पण "मिळावी" जरूर ठेव. आणि "जरा", "शक्य असेल तर", "जमल्यास" हे तिन्ही शब्द काढून टाक. आपल्याला वाटतं ते अदबीचे आहेत. पण समोरच्याला त्यातून कळतं की गरज अर्धीच आहे.

मी एवढा हट्टाने का बोलतोय, ते सांगतो. 1994 च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन होतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. तेव्हा चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायची पद्धत. मी लिहिलं, "वडिलांना जरा बरं नाही, जमल्यास उद्या रजा मिळावी." साहेब म्हणाले, "उद्या पगारपत्रक आहे, परवा घ्या." मी मान हलवली. शेजारी बसणाऱ्या मित्राला मात्र मी सगळं सांगितलं होतं, ऑपरेशन, वेळ, सगळं. संमतीच्या कागदावर सही माझ्या धाकट्या भावाने केली, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आठवड्याने मित्राने साहेबांना सांगितलं, तर ते मला बोलावून म्हणाले, "अहो, ऑपरेशन आहे असं लिहायचं ना!" वडील बरे झाले, पुढे बरीच वर्षं जगले. मला कधी काही बोलले नाहीत. भाऊ बोलला, एकदाच.

मी घाबरलो होतो, हे खरं. घरात पगार माझा एकट्याचा येत होता, नोकरीला दीड वर्ष झालं होतं, आणि त्या साहेबांचा आवाज गोडाऊनपर्यंत जायचा. त्या वयात दुसरा कोणी काय करता, असं मी स्वतःला बरीच वर्षं विचारलं. पण त्या चिठ्ठीत खरं लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. एकाच गोष्टीचे मी दोन मजकूर केले, भीती वाटत होती तिथे पातळ आणि मैत्री होती तिथे पूर्ण. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत रजेच्या कुठल्याही कागदावर मी "जमल्यास" लिहिलं नाही. काही साहेबांना मी ताठ वाटलो. वाटू दे.

आता तुझं काम. क्रम लक्षात ठेव: आधी मैत्रीण, मग साहेब. तिने होकार दिल्याशिवाय साहेबांना तिचं नाव कळवलंस तर ती कायमची दुखावेल. आज रविवार आहे, तिला आजच लिही. खरेदीच्या बिलांचा तक्ता, टू-बी, आज 14 ला जीएसटीच्या पोर्टलवर येतोय, म्हणजे उद्यापासून ती तिच्या पार्ट्यांच्या जुळवणीत बुडेल. असं काहीतरी लिही:

"अगं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी 18 ला ठरलंय, शुक्रवारी परत दाखवायला न्यायचंय. दोन्ही दिवस मी नसेन. सरांना उद्या सकाळी विचारतेय. माझ्या सहातल्या चार पार्ट्या मी बुधवारी उरकते. दोघांची खरेदीची बिलं यायची आहेत. ती गुरुवार-शुक्रवारात आली तर टू-बीशी जुळवून ठेवशील का? फायली माझ्या वरच्या खणात आहेत. हार्डवेअरवाला अकराच्या आत फोन उचलतो, नंतर नाही. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत माझा फोन बंद असेल. तुला जड जाणार असेल तर आत्ताच सांग हं, मी सरांना तसं सांगेन."

बघ, यात "कृपया" नाही, "विनंती" नाही, "सॉरी" नाही. जवळच्या माणसाला ते शब्द लांबचे वाटतात. पण म्हणून "यार, सांभाळून घे ना" एवढ्यावरही सुटायचं नाही. मैत्रीत आपण मजकूर गिळतो, तिला कळेलच असं धरून चालतो, आणि गुरुवारी बारा वाजता ती तुझा बंद फोन लावत बसते. शेवटच्या ओळीत तिला नाही म्हणायची वाट ठेवली आहे. साहेबांच्या मेसेजमध्ये तशी वाट ठेवायची नाही. तिला कामाचं विचारतेस, कारण काम तिचं नाही. साहेबांकडे तू तुझी रजा मागतेस. आणि तिला आवाजी मेसेज पाठवू नकोस. फायली कुठल्या खणात ते शोधायला तीन मिनिटांचं बोलणं कोण पुन्हा ऐकणार?

तिचं उत्तर आलं की उद्या सकाळी साडेनऊला साहेबांना:

"सर, आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी 18 ला आहे, 19 ला सकाळी तपासणी आहे. घरात दुसरं कोणी नसल्याने मला हे दोन दिवस रजा मिळावी. माझ्या सहापैकी चार पार्ट्यांचं थ्री-बी बुधवारी संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे तपासायला देते. उरलेल्या दोघांची बिलं आल्यास जुळवणी सहकारी करून ठेवतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. शनिवारी 20 ला साडेनऊला येऊन ती दोन्ही मी भरते. शनिवारी दिलेल्या मेसेजमध्ये हे स्पष्ट नव्हतं, म्हणून पुन्हा कळवत आहे."

दोन्ही शेजारी ठेवून वाच. तारखा त्याच, कारण तेच, चार आणि दोनचा हिशेब तोच. साहेबांना खण आणि हार्डवेअरवाला नको, त्यांना फक्त काम कधी पुरं होणार ते हवं. उद्या ते दोघं चहाला एकत्र उभे राहिले आणि तुझा विषय निघाला, तर एकाचं ऐकून दुसऱ्याच्या भुवया वर जाता कामा नयेत. कारण एकच असेल तर तुला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

साहेब म्हणतील, "शुक्रवारी अर्धा दिवस या." तपासणी कितीला आहे ते आजच हॉस्पिटलला विचारून ठेव. दहाला असेल आणि दुपारी आईजवळ कोणी बसणार असेल, तर खुशाल ये. तसं नसेल तर एवढंच बोल, "सर, शुक्रवारी जमणार नाही, शनिवारी लागेल तितका वेळ थांबते." "बघते" म्हणू नकोस. 2017 चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा तुमच्या ऑफिसला लागू असेल, तर त्यात वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. तुझ्या यंदाच्या किती उरल्या ते बघून घे. कायदा मेसेजमध्ये मात्र घालू नकोस. तो तुझ्या आवाजात स्थिरपणा यावा म्हणून सांगितला.

अचानक ताप आला, कोणी पडलं, तर यातलं काही करत बसायचं नाही. एक ओळ, फोन, आणि निघायचं.

आईला सांग, तारीख बदलायला फोन करू नका. गुरुवारी सकाळी सातला मी रिक्षा घेऊन तुमच्या खाली येतो. शुक्रवारी दुपारी कोणी बसायला हवं असेल तर मी मोकळा आहे. पण हे साहेबांना लिहिण्याआधी मला सांग, म्हणजे "दुसरं कोणी नसल्याने" ही ओळ आपण बदलू.

तुझा,
काका