मॉडेल बंद होतंय? आधी 404 कडे बघ

तुझा बॉट ज्या AI मॉडेलवर चालतो, ते प्रोव्हायडर बंद करणार आहे आणि आता काय करायचं असं तू विचारतोयस. घाबरू नकोस, तारीख आधी कळलीय म्हणजे वेळ आहे. सुरुवातीला दोनच गोष्टी धर.

पहिली: मॉडेलचं नाव कोडमध्ये विखुरलेलं असेल तर एका कॉन्फिगमध्ये आण. मग जुन्या लॉगमधले पन्नासेक खरे संवाद नव्या मॉडेलवर चालवून उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाच. कंटाळवाणं आहे, पण वाचच.

दुसरी: फॉलबॅक, म्हणजे पहिलं मॉडेल अडलं की वापरायचं पर्यायी मॉडेल, कधी लागतो ते नीट ठरव. टाइमआउट, 429 किंवा 5xx आला की दुसऱ्या प्रोव्हायडरकडे जा. बंद झालेलं मॉडेल मात्र बहुतेक वेळा 404 देतं. तिथेही फॉलबॅक चालेल, पण लगेच अलर्ट हवा. नाहीतर सगळा ट्रॅफिक गुपचूप दुसरीकडे जातो आणि बिल आल्यावर कळतं.

दादरच्या एका डबा सेवेच्या बॉटमध्ये मी हेच केलं होतं. पण तिथे फॉलबॅकचं मॉडेल JSON भोवती तीन बॅकटिक लावायचं. पार्सर कोसळायचा आणि 'एक डबा बिनकांद्याचा' ही ऑर्डर हवेत! म्हणून फॉलबॅकलाही तेच पन्नास संवाद दे आणि स्टेजिंगवर पहिल्या मॉडेलचं नाव मुद्दाम चुकवून बघ. स्ट्रीमिंग, कॅशिंग नंतर बोलू.