काम देऊन झालं, आता क्लायंट डिस्काउंट मागतोय. संबंध न बिघडवता नाही कसं म्हणायचं?

(प्रश्नकर्ता: ‘मी फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. फाइल्स दिल्यात, त्यांनी वापरल्याही, आता म्हणतात थोडं कमी करा.’)

मी डिझायनर नाही, सांगलीत छापखाना आहे. पण हे दुखणं आमच्या घरात दोन पिढ्यांचं आहे, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका केली. आकार क्राउन वन-फोर, आतली ९६ पानं म्हणजे एकेका तावावर छापायचे सोळा पानांचे सहा फर्मे. त्यातले दोन फर्मे जाहिरातींचे, चाररंगी. ६०० प्रती, १४० रुपये प्रत, बिल ८४,०००. चाळीस आगाऊ घेतले होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गठ्ठे सभागृहावर पोचवले, प्रकाशन झालं, पेपरात फोटोही आला. आठ दिवसांनी बाकी मागायला गेलो तर सचिव चहा मागवून म्हणाले, “पंच्याहत्तरात मिटवून टाका. संचालक मंडळाला काहीतरी दाखवायला पाहिजे.”

त्यांनी मग दोन कारणं काढली. कव्हरवरचा केशरी मोबाईलवर दिसला तसा आला नाही, आणि काही प्रतींत पानं उलटी लागलीत.

इथे बहुतेक जण घसरतात. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालून “बरं, हजार-दोन हजार कमी करतो” म्हणतात. मी तसं न करता उलट्या पानांच्या प्रती टेबलावर मागवल्या. चौदा निघाल्या. बाइंडरने चौथा फर्मा उलटा उचलला होता. चूक आमचीच, त्यावर चर्चाच नको. शुक्रवारपर्यंत चौदाच्या चौदा बदलून देतो म्हटलं. केशरीचं तसं नव्हतं. पडद्यावरचा भगवा प्रकाशाचा असतो, कागदावरचा पिवळ्या आणि मॅजेंटा शाईचा. तो झगझगीतपणा चाररंगीत येतच नाही. आणि कव्हरच्या प्रूफवर त्यांचीच ‘ओके’ सही तारखेसकट होती. ती मी फाइलमधून काढून चहाच्या कपाशेजारी ठेवली, बोललो काही नाही.

आता नऊ हजारांचा हिशेब. त्यांना ते बिलाच्या दहा-अकरा टक्के वाटत होते. पण कागद, प्लेटा, शाई, मशिनचा रोज, बाइंडिंग वजा जाता त्या कामात मला सुटणार होते साधारण तेरा हजार. नऊ दिले की तीन आठवड्यांच्या कामाचे चार हजार राहिले. बाइंडर त्याचे पैसे कमी करणार नाही, कागदवाला तर दारातच उभा असतो. सूट जाते ती फक्त मालकाच्या हिश्श्यातून, हे समोरच्याला सांगून कळत नाही, म्हणून सांगायच्या भानगडीत पडू नये. ते म्हणतात, “मग तुम्ही आधीच जास्त लावायचं होतं.” त्याला काय उत्तर देणार!

मग द्यायचं काय? आम्ही ६०० प्रतींसाठी प्रत्येक फर्म्याचे ६६० ताव चालवतो, कारण रंग बसेपर्यंत आणि घडीत काही खराब होणारच. या कामात सगळ्या फर्म्यांचे आणि कव्हरचे मिळून पस्तीस संच चांगले उरले होते. चौदा प्रती बदलून दिल्यावरही एकवीस शिल्लक. ते रद्दीत किलोवर गेले असते. मला ते संच बांधायचाच काय तो खर्च. पतसंस्थेला मात्र त्या प्रती हव्याच होत्या, कारण प्रत्येक जाहिरातदार दुसरी प्रत मागत होता आणि सचिवांकडे एकही उरली नव्हती. रात्री मी व्हॉट्सॲप केलं, ते जसंच्या तसं देतो:

‘नमस्कार साहेब. बिल कोटेशनप्रमाणे ८४,००० आहे, त्यात बदल होणार नाही. उलट्या फर्म्याच्या १४ प्रती शुक्रवारी बदलून मिळतील. शिवाय जाहिरातदारांसाठी २० प्रती जास्तीच्या बांधून देतो, त्याचे पैसे नकोत. बाकी ४४,००० पैकी निम्मे शुक्रवारी, निम्मे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला दिलेत तरी चालेल.’

यात ‘माफ करा’ नाही, ‘परवडत नाही’ नाही, महागाईचं रडगाणं नाही. कारण दिलं की त्याच्यावर घासाघीस सुरू होते. आणि वीस प्रती बिलात वेगळ्या ओळीत लिहिल्या, किंमत शून्य. तोंडी दिल्या असत्या तर पुढच्या वेळी १४० च्या दरात ६२० प्रती हा हक्क झाला असता.

तुमच्या कामात तावाची रद्दी नसते, पण असं काहीतरी असतंच. तोच डिझाइन त्यांना स्टेटससाठी उभ्या आकारात हवा असेल, बॅनरसाठी आडवा. तुम्हाला तासाभराचं काम, त्यांना वेगळं करून घ्यायचं तर खर्च. मूळ ओपन फाइल मात्र देऊ नका, ती दिली की पुढचं काम गल्लीतला डीटीपीवाला करतो. आणि जे द्याल ते ठरलेले पैसे हातात आल्यावर. मीही शुक्रवारी चेक हातात आल्यावरच गठ्ठा सोडला.

आमचे अण्णा हे वाचत असते तर इथे थांबवून म्हणाले असते, “गिऱ्हाईक हसत गेलं पाहिजे.” आयुष्यभर त्यांनी वरचे पैसे सोडले. ट्रेडल मशीन होतं, खिळे जुळवून पत्रिका छापायचे, ४२० चं बिल झालं की ४०० घ्यायचे. त्यांच्या वहीत ‘सूट’ असा एक रकाना आहे, बारीक अक्षरात. एका दिवाळीला मी १९९४-९५ च्या वहीतला तो रकाना बेरीज करून दाखवला. त्या वर्षीच्या दुकानभाड्यापेक्षा जास्त भरला. अण्णा वही मिटून म्हणाले, “म्हणून तर दुकान चाललं.” मी म्हणतो, आईने घरी बसून पाकिटं चिकटवली म्हणून चाललं. हा वाद अजून मिटलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही मुदत चुकवली असेल किंवा ठरलेल्यापेक्षा कमी दिलं असेल, तर वरचं सगळं विसरा आणि सरळ बिल कमी करा. ती सूट नसते, न केलेल्या कामाचे पैसे असतात. माझंही तसं अर्धं चुकलंच होतं: मोबाईलवरचा केशरी छपाईत येणार नाही हे प्रूफ दाखवतानाच बोलायला हवं होतं. आता ते कोटेशनच्या खाली छापूनच ठेवलंय.

आणि खोटं कशाला बोलू, त्या पतसंस्थेचा पुढच्या वर्षीचा अहवाल माझ्याकडे आला नाही. अण्णांनी ते दोनदा ऐकवलं. पण गेल्या मार्गशीर्षात तेच सचिव मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन आले. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, “शेवटचा भाव काय?” मी पत्रिकेमागे दोन रुपये कमी केले, अजून कागदही कापलेला नव्हता.