अकाउंट्सच्या जॉबसाठी कुठला कोर्स करू?

प्रश्न: बीकॉम झालेय, टॅलीची बेसिक माहिती आहे. क्लासवाले ३५ हजारात सहा महिन्यांचा अकाउंटिंग-टॅक्सेशन डिप्लोमा देतायत, १००% प्लेसमेंट म्हणतात. करू का?

लगेच पैसे भरू नकोस. मी बारा वर्षं सीए ऑफिसमध्ये आहे, नवीन मुलामुलींची टेस्ट मीच घेतो, त्यामुळे आतलं सांगतो. सर्टिफिकेट आम्ही फाइलला लावतो आणि उमेदवाराला कॉम्प्युटरवर बसवतो. पन्नासेक खरेदीची बिलं, टॅली आणि जीएसटी पोर्टलवरून काढलेलं जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, देतो आणि म्हणतो जुळवून दाखव, आणि बरेच डिप्लोमावाले इथेच अडकतात कारण क्लासमध्ये फक्त एन्ट्र्या मारायला शिकवलेलं असतं.

म्हणजे बघ, ५० हजाराचा माल, १८% ने जीएसटी ९ हजार, बिल आपल्या खरेदीत आहे पण २बी मध्ये दिसत नाही. मग हे ९ हजारांचं क्रेडिट या महिन्यात घेता येत नाही, म्हणजे आपल्या जीएसटीतून ते वजा करता येत नाहीत. आता का दिसत नाही ते शोधायचं. सप्लायरने ११ तारखेपर्यंत त्याचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ भरलं नसेल, किंवा तो तिमाही भरणारा असेल, किंवा आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकला असेल नाहीतर नंबर न टाकता किरकोळ विक्रीत दाखवलं असेल. २बी १४ तारखेला तयार होतं आणि कर भरायचं रिटर्न ३बी साधारण २० ला भरायचं असतं, मधल्या पाच-सहा दिवसांत जी मुलगी ही यादी काढून सप्लायरला फोन करू शकते तिला आम्ही सोडत नाही.

म्हणून क्लासमध्ये जाऊन एवढंच विचार की २बी ची जुळवणी आणि टीडीएसचं रिटर्न खऱ्या डेटावर करून घेता का, आणि घेत असतील तर एक दिवस त्या बॅचला बसू द्या म्हण. टाळाटाळ केली तर उठ. प्लेसमेंटचं पण लेखी माग, कारण पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ फक्त इंटरव्ह्यूला पाठवणार एवढाच निघतो. मागच्या बॅचच्या दोघातिघांशी स्वतः बोल, कुठे लागले आणि पगार किती.

टॅलीच्या सरावाला तर पैसेच लागत नाहीत, टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या एन्ट्री घेतं, शिकायला तेवढं पुरतं.

हां, काही कामांत सर्टिफिकेटशिवाय दारच उघडत नाही ते वेगळं. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची व्ही-ए परीक्षा पास व्हावीच लागते, तिथे कागदालाच किंमत आहे. तुझ्या लाइनमध्ये तसं नाही. आपल्या गावातल्या अकाउंट्सच्या वीस-पंचवीस जाहिराती काढ आणि डिप्लोमा किती जण मागतात, जीएसटी रिटर्न येणारा किती जण मागतात ते वहीत मांड, आणि ३५ हजारांचं त्यानंतर ठरव.