ध्रुवावर आणि जहाजावर घड्याळ कुणाच्या वेळेचं?

प्रश्न: सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात ना, मग तिथे घड्याळात किती वाजले हे कोण ठरवतं? आणि जहाजावर?

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट स्टेशनवर चक्क न्यूझीलंडची वेळ चालते, कारण त्यांची माणसं आणि सामान न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळामार्गे विमानाने येतं, म्हणजे ज्यांच्याशी रोजचं काम त्यांचंच घड्याळ. तिथे सूर्य वर्षातून एकदाच उगवतो, त्याला विचारून उपयोग नाही. नोव्हेंबरात आपल्या पुण्यात सकाळचे 9 वाजले की तिथे दुपारचे साडेचार.

जहाजावर कॅप्टन ठरवतो. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो सांगतो की साधारण 15 अंश रेखांश ओलांडले की एक तास बदलायचा, पश्चिमेला जाताना मागे आणि पूर्वेला जाताना पुढे, आणि तो रात्री. पण एकाच वॉचवर, म्हणजे ड्युटीच्या एकाच पाळीवर, अख्खा जास्तीचा तास पडू नये म्हणून बऱ्याचदा 20-20 मिनिटं तीन वॉचमध्ये वाटतात. जहाज चालवतात त्या ब्रिजवर यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, मात्र कायम वेगळी असते, पोझिशन काढायला तीच लागते, तिला हात लावत नाहीत.

आता हाच नियम 89 अंश उत्तरेला लावून बघा. विषुववृत्तावर 15 अंश म्हणजे जवळपास 1670 किमी, आणि तिथे फक्त 29! बर्फ नसेल तर 12 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 22 किमीने, जहाज सव्वा तासात ते कापेल, म्हणजे दर सव्वा तासाला घड्याळ फिरवत बसा, जेवण कधी झोप कधी काही कळणार नाही, म्हणून तिकडे रेखांश सोडून देतात आणि सगळ्यांना सोयीची एकच वेळ धरून ठेवतात.