वायफाय जोडलं, पण लॉगिनचं पान उघडत का नाही?

प्रश्न: स्टेशनवरच्या फुकट वायफायला फोन जोडला जातो, पण ओटीपी मागणारं पान येतच नाही. काय करू?

उत्तर: आधी ब्राउझरमध्ये हे टाइप करून बघा:

```
http://neverssl.com
```

जोडल्यावर फोनला आयपी पत्ता मिळतो, पण स्टेशनच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणारी वाट सांभाळणाऱ्या गेटवेच्या परवानगीच्या यादीत तुमचा फोन नसतो, म्हणून त्याचा बहुतेक डेटा तिथेच अडवला जातो. साधी http विनंती आली की गेटवे मूळ साइटच्या वतीने स्वतःच उत्तर देतो: 'आधी या लॉगिन पानावर जा'. https मध्ये ही लबाडी चालत नाही. त्या साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र गेटवेकडे नसतं, त्यामुळे ब्राउझर इशारा देतो किंवा पान नुसतं फिरत राहतं. आज जवळपास सगळ्याच साइट https वर आहेत, घोळ तिथेच आहे. neverssl.com मात्र साध्या http वर चालते, म्हणून ती उघडायची.

खरं तर फोन हे स्वतःच तपासतो. अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्यावर विनंती पाठवून 204 या रिकाम्या उत्तराची वाट पाहतो. दुसरं काही आलं तर 'साइन इन करा' अशी सूचना दाखवतो. व्हीपीएन किंवा ठरावीक सर्व्हरचं प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर ही तपासणी अडकू शकते. दोन्ही बंद करून पुन्हा जोडा.

ओटीपी भरल्यावर गेटवे बहुधा फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरची त्याची ओळख, नोंदवून वाट मोकळी करतो. नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडलंत तर फोन कधीकधी नवा मॅक पत्ता घेतो, आणि मग ओटीपी पुन्हा भरावा लागतो.