उधारी ३० ची ६० दिवस करू का? सेल्समन म्हणतोय विक्री ६० लाखांनी वाढेल

प्रश्न: सर, सांगलीत माझं पाईप-फिटिंगचं होलसेल आहे, तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ भागातल्या दुकानांना माल जातो. वर्षाची विक्री जीएसटी सोडून २ कोटी ४० लाख, भाडं-हमाली जाऊन मार्जिन १०%. उधारी ३० दिवसांची आहे, येणी ३२ लाख ६० हजार, म्हणजे पैसे ५० दिवसांत येतात. कंपनीचा सेल्समन म्हणतोय ६० दिवस द्या, ६० लाख विक्री वाढेल. ६ लाख मार्जिनमधून २% बुडीत आणि सव्वा लाख व्याज काढलं तरी साडेतीन लाख उरतात. बँकेची सीसी म्हणजे कॅश क्रेडिट मर्यादा ६० लाखांची, ३८ वापरलेत, व्याज १२%. करू का?

उत्तर: सगळ्यांना सरसकट ६० दिवस देऊ नका. साडेतीन लाख उरणार नाहीत, उलट खिशातले जातील. कुठे जातात ते बघू.

आधी ते ५० दिवस. तुम्ही येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलंय, पण येण्यात जीएसटी धरलेला आहे आणि विक्रीत नाही. टॅलीत पार्टीच्या खात्यावर १८% लावलेलं बिल पडतं आणि विक्रीच्या खात्यात नुसता माल, त्यामुळे हा घोळ जवळजवळ प्रत्येक दुकानदार घालतो. जीएसटी धरून तुमची वर्षाची बिलं होतात २ कोटी ८३ लाखांची, त्यावर ३२ लाख ६० हजार येणी म्हणजे ४२ दिवस. ही तशी चांगली बातमी आहे, पण यातून पुढचं पण कळतं की कागदावर ३० म्हटलं की माणसं ४२ ला देतात. तुम्ही ६० म्हणालात की ७५ ला देतील असं मी धरतो, कारण दुकानदार काही कॅलेंडर बघून पैसे देत नाही, तुमचा माणूस पुढच्या ऑर्डरला आला की मागच्यातलं थोडं सोडतो. (येणी एकाच तारखेची नका घेऊ, मार्चअखेरीला कंपनीचं टार्गेट म्हणून माल ढकललेला असतो, बारा महिन्यांची सरासरी काढा.)

आता खरी गफलत. तुम्ही व्याज फक्त नव्या ६० लाखांवर लावलंय. पण उधारीची मुदत वाढते ती सगळ्यांची. आज जो तासगावचा माणूस ४२ दिवसांत देतोय त्याला कळणार नाही का की शेजारच्याला ६० दिवस मिळतायत, तुमचा टेम्पो एकच, ड्रायव्हर एकच, दुसऱ्या फेरीला तोच विचारेल की आम्ही काय घोडं मारलंय. म्हणजे जुनी २ कोटी ८३ लाखांची बिलं पण ३३ दिवस उशिरा येणार. त्यात अडकणारे पैसे होतात २५ लाख ६० हजार आणि १२% नी त्याचं व्याज वर्षाला ३ लाख ७ हजार. आणि यातून विक्री एक रुपयाची वाढत नाही, कारण ही माणसं आज पण तुमच्याकडूनच घेतायत. एवढं फुकट वाटायचं आणि मग नव्यांकडून भरून काढायचं, असा हा सौदा आहे.

नव्या ६० लाखांकडे येऊ. इथे अडकलेले पैसे मोजताना विक्रीची किंमत धरायची नाही, तुमच्या खिशातून गेलेलं धरायचं. १०० रुपयांच्या मालाला तुम्हाला ९० पडले, त्यावर कंपनीला १६ रुपये २० पैसे जीएसटी दिला, आणि विक्रीवर १८ लावून फरकाचा १ रुपया ८० पैसे सरकारला भरला, गिऱ्हाइकाने दिडकी दिलेली नसताना. झाले १०८. जुन्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र पूर्ण ११८ धरले, कारण ते ११८ तुम्हाला तसेही ४२ व्या दिवशी मिळतच होते. हा फरक लोक करत नाहीत आणि मग हिशोब एकदा इकडे चुकतो एकदा तिकडे. तर ६० लाखांच्या मालात ७५ दिवस अडकतात साधारण १३ लाख ३० हजार, व्याज १ लाख ६० हजार. शिवाय जास्त विकायचं तर गोडाऊनला जास्त माल लागणार, एक महिन्याचा धरला तर साडेचार लाखांचा, त्याचं व्याज ५४ हजार.

बुडीत. २% तुम्ही माल किमतीवर काढलंत, १ लाख २० हजार. पण बिल बुडालं तर ११८ बुडतात, आपल्या जीएसटी कायद्यात बुडालेल्या बिलाचा भरलेला कर परत मिळायची सोय नाही. म्हणजे १ लाख ४२ हजार. इन्कम टॅक्सला राईट ऑफ करून वजावट मिळते ती वेगळी गोष्ट, जीएसटी गेला तो गेला.

आता बेरीज. मार्जिन ६ लाख. त्यातून बुडीत १.४२, जुन्यांचं व्याज ३.०७, नव्यांचं १.६०, मालाचं ०.५४. हे सगळं मिळून ६ लाख ६३ हजार, म्हणजे वर्षाला ६३ हजारांचा खड्डा. आणि जुन्यांत बुडीत पाव टक्क्याने जरी वाढलं (वाढतं, मुदत लांबली की बिलं जुनी होतात आणि जुनं बिल वसूल करायला जिवावर येतं) तर आणखी ७० हजार. उलटं मोजलं तर नव्या विक्रीतल्या प्रत्येक १०० रुपयांत बुडीत, व्याज, माल सगळं जाऊन ४ रुपये आणि वर काही पैसे उरतात, आणि जुन्यांना वाटलेले ३ लाख ७ हजार भरून काढायचे तर विक्री ७५ लाखांनी वाढली पाहिजे, तेव्हा कुठे शून्यावर. सेल्समन स्वतः ६० म्हणतोय, आणि त्याचा इन्सेंटिव्ह तुम्ही माल उचलला की पक्का होतो, वसुली झाली की नाही त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

त्या २% वर थोडं थांबू, कारण हा आकडा हवेतला आहे. ६० लाख म्हणजे महिन्याला ५ लाख, म्हणजे ५० हजारांची खरेदी करणारी दहा नवी दुकानं समजा. ७५ दिवसांची उधारी म्हणजे प्रत्येकाकडे कुठल्याही दिवशी जीएसटीसकट दीड लाखाच्या आसपास अडकलेले असणार. आता बघा, तुमचं २% बुडीत १ लाख ४२ हजार, म्हणजे वर्षाला दहातलं एकच दुकान शटर ओढणार असं तुम्ही धरलंय. दोन गेली की ४% झालं. बुडीत असं थोडंथोडं सगळीकडून जात नाही, एक माणूस पूर्ण जातो. आणि मोठी उधारी ऐकून सगळ्यात आधी कोण धावत येतो? ज्याला दुसऱ्या होलसेलरने माल बंद केलाय तो. माझा एक जुना क्लायंट, टाईल्सचा होलसेल, त्याने मुदत वाढवली तेव्हा पहिल्या महिन्यातच चार नवी दुकानं आली आणि तो खूष. तिघांचे पहिले दोन बिलांचे पैसे वेळेत आले, मग ऑर्डर अचानक तिप्पट झाली, आणि मग फोन उचलणं बंद. वेळेत दोन छोटी बिलं आणि नंतर एकदम मोठी ऑर्डर, हे दिसलं की गाडी लोड करायच्या आधी थांबा.

स्वतःचा आकडा काढायचा तर टॅलीतून बिलवार आउटस्टँडिंग काढा, दोन वर्षांपूर्वीचं, आणि त्या तारखेला जी बिलं ९० दिवसांच्या वर होती त्यातली आजपर्यंत किती आली ते एकेक टिक करत बसा. एका रविवारचं काम आहे. त्यातून कळेल की तुमच्याकडे ९० दिवस ओलांडलेल्या शंभर रुपयांतले किती बुडतात, आणि तो तुमच्या गावाचा, तुमच्या गिऱ्हाइकाचा आकडा असेल.

४५ दिवसांचं काय, हे पण करून बघितलं. प्रत्यक्षात ५७ दिवस, वाढीव विक्री ३५ लाख आणि बुडीत दीड टक्का धरला (हा माझा अंदाज, सेल्समनला विचारून तुमचा घाला) तर सगळं जाऊन ४५ हजार उरतात. म्हणजे ३० वरून ४५ ही पायरी कशीबशी पोसते, आणि ४५ वरून ६० ही पुढची पायरी आणखी २५ लाखांची विक्री आणून सुद्धा १ लाखाच्या वर खाते. नेहमी असं पायरीपायरीने बघायचं, ३० आणि ६० नुसते समोरासमोर ठेवले की मधली पायरी दिसतच नाही.

नफा बाजूला ठेवला तरी पैसे कुठून आणणार? ६० दिवसांना २५.६ अधिक १३.३ अधिक साडेचार, म्हणजे ४३ लाख जास्त लागतील आणि सीसीत शिल्लक आहेत २२. त्यात बँका स्टॉक स्टेटमेंटमध्ये साधारण ९० दिवसांच्या वरची येणी ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे सीसीतून किती उचलता येतील त्या हिशोबाला, धरत नाहीत, सरासरी ७५ वर गेली की बरीच बिलं ९० च्या पलीकडे असणार, म्हणजे गरज वाढेल आणि लिमिट आतून घटेल, दोन्ही एकदम. ४५ ला २० लाख लागतात, ते कसेबसे बसतात पण मग एक कंपनीचा चेक पुढेमागे झाला की दम लागेल.

एमएसएमईला, म्हणजे लहान उद्योगांना, ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे म्हणून पैसे येतीलच असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. उद्यम नोंदणी ट्रेडरला मिळते पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

मी काय करीन? जुन्यांची मुदत ३० च राहू दे आणि त्यांना ७ दिवसांत दिले तर १% सूट ठेवा. ३५ दिवस आधी पैसे मिळवायला १% म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के पडतात, तुमच्या सीसीपेक्षा स्वस्त. एक तृतीयांश गिऱ्हाइकांनी घेतली तरी ९ लाख मोकळे होतात. फक्त आज जे आठ-दहा दिवसांत देतात त्यांना ही सूट फुकट जाईल, अशी किती आहेत ते आधी मोजा, जास्त असली तर हा मार्ग नको.

मग त्या मोकळ्या पैशावर पाच नवी दुकानं घ्या, जत आणि कवठेमहांकाळकडची, जिथे तुमचं जुनं गिऱ्हाईक शेजारी नाही. ४५ दिवस, प्रत्येकी सव्वा लाखाची मर्यादा, आणि ६० वा दिवस उलटला की पुढचा माल बंद, मग तो कितीही गोड बोलू दे. सुरुवात दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात बांधकामं थंड असतात, तेव्हा उधारीवर माल उचलणारा तो विकून नाही, दुसऱ्याची देणी भागवायला उचलत असतो. सहा महिन्यांनी या पाच जणांची बिलवार यादी पाठवा, मग बाकीच्या पाचांचं बघू.